अकरा सेकंदांचा स्ट्राइक

पहिली मेल आली तेव्हा मी शिरोलीच्या एमआयडीसीत, कामावर होतो. फाउंड्रीच्या पॅटर्न शॉपमध्ये फोन बघायला फारसा वेळ मिळत नाही. जेवणाच्या सुट्टीत डबा उघडता उघडता बघितलं, तर माझ्या यूट्यूबवरच्या व्हिडिओवर कॉपीराइट क्लेम आला होता. चित्रपटाचे तुकडे वापरले होते, एकूण १ मिनिट ५२ सेकंद. पोटात गोळाच आला. पाच दिवसांनी दुसरी मेल आली. ती होती दुसऱ्या भागाबद्दल, आणि त्यात वादाचा भाग होता फक्त अकरा सेकंदांचा. ती वाचून मला उलट जरा बरंच वाटलं. अकरा सेकंदांचं काय एवढं?

पुढच्या तीन महिन्यांत कळलं की मी दोन्ही वेळा उलटं समजलो होतो. १ मिनिट ५२ सेकंदांतलं बरंचसं टिकलं. अकरा सेकंदांनी मात्र चॅनेलवर स्ट्राइक बसवला.

आधी व्हिडिओ काय होते ते सांगतो, कारण सगळं त्यावरच ठरलं. २०२४ च्या ऑगस्टमध्ये कोल्हापूर-सांगलीच्या महापुराला पाच वर्षं झाली. आमचं घर पंचगंगेपासून फार लांब नाही. २०१९ साली आम्ही जिन्यावर खडूनं रेघा मारून पाणी मोजत होतो. म्हणून ‘पूर पडद्यावर कसा दिसतो’ असा दोन भागांचा विषय घेतला. पहिला भाग चित्रपटांवर. तिथं पूर म्हणजे पाण्याची भिंत, एका झटक्यात येते, नायक धावतो. आमच्याकडचा पूर असा येत नाही. तो रात्री गुपचूप एकेक पायरी चढतो. दुसरा भाग बातम्यांवर. तिथं पूर वरून दिसतो, ड्रोननं, नकाशासारखा. खालून, उंबऱ्यातून, जवळजवळ कुणीच दाखवत नाही.

दोन्ही व्हिडिओंच्या खाली मी सगळे टाकतात तोच इंग्रजी परिच्छेद चिकटवला होता. कॉपीराइट अॅक्ट १९७६ च्या कलम १०७ नुसार टीका, भाष्य, वृत्तांकन, अध्यापन यासाठी फेअर यूजला मुभा आहे, वगैरे. शिवाय बातम्यांच्या तुकड्यांवर कोपऱ्यात ‘सौजन्य’ लिहिलं होतं. या दोन गोष्टी केल्या की आपण सुरक्षित, अशी माझी प्रामाणिक समजूत होती. देवाला नारळ फोडल्यासारखं.

माझी मावसबहीण पुण्यात वकिली करते. संध्याकाळी तिला फोन लावला आणि तो परिच्छेद वाचून दाखवला. ती हसायलाच लागली.

“१९७६ चा कायदा कुठला रे?”

“कॉपीराइटचा.”

“अमेरिकेचा. आपला १९५७ चा आहे. तू कोल्हापुरात बसून हिंदी चित्रपटावर मराठीत बोलतोयस आणि खाली अमेरिकेचं कलम टांगलंयस. आणि तिकडेसुद्धा ते कलम लिहिल्यानं लागू होत नाही. न लिहिल्यानं जातही नाही. तू काय केलंयस ते बघतात, खाली काय लिहिलंयस ते नाही.”

मग तिनं आपल्याकडचं सांगितलं. भारतात ‘फेअर यूज’ हा शब्दच कायद्यात नाही. आहे ते ‘फेअर डीलिंग’, कलम ५२ मध्ये. अमेरिकेत चार कसोट्या लावून कुठल्याही हेतूचा वापर योग्य ठरू शकतो, दार तसं मोकळं आहे. आपल्याकडं आधी हेतूच्या ठरलेल्या खोल्या आहेत: स्वतःपुरता वापर आणि संशोधन, टीका किंवा परीक्षण, आणि चालू घडामोडींचं वृत्तांकन. आधी तुमचा वापर यातल्या एका खोलीत बसला पाहिजे. बसला की मग तो ‘फेअर’ आहे का हा प्रश्न. केरळ उच्च न्यायालयानं १९९६ साली एका नाटकाला उत्तर म्हणून लिहिलेल्या दुसऱ्या नाटकाच्या खटल्यात तीन गोष्टी बघितल्या होत्या. किती आणि किती मोलाचं घेतलं, कशासाठी घेतलं, आणि त्यामुळं मूळ कृतीशी स्पर्धा होईल का. सेकंदांचा आकडा त्यात कुठंच नाही.

“म्हणजे दहा सेकंदांपर्यंत चालतं, तो नियम?”

“नाही.”

“तीस?”

“तोही नाही. सात नाही, पाच नाही. आपल्याकडं नाही, अमेरिकेतही नाही.”

हे मला पचायला वेळ लागला, कारण दहा सेकंदांचा नियम मी इतक्या जणांना छातीठोकपणे सांगितला होता. तो आला कुठून हे मला आजही सांगता येणार नाही. बहुधा कंटेंट आयडी हे यूट्यूबचं तुकडे ओळखणारं यंत्र फार छोटे तुकडे कधी कधी पकडत नाही, आणि न पकडणं म्हणजे परवानगी असा अर्थ लोकांनी लावला असावा. चित्र उलटं करणं, चौकट लावणं, झूम करणं हे त्याच समजुतीचे भाऊबंद. यंत्राला चकवलं तर यंत्र चकतं एवढंच. उलट उद्या कुणी विचारलं की सरळ टीका करत होतास तर चित्र आरशात का फिरवलंस, तर उत्तर काय देणार?

त्यानंतर ताईनं मला गृहपाठ दिला. कागदावर तीन रकाने पाड म्हणाली. पहिल्यात तुकडा, दुसऱ्यात तो चालू असताना तू काय बोलतोस, तिसऱ्यात एकच प्रश्न: हा तुकडा काढला तर तुझं वाक्य लंगडं पडतं का? मी रात्री बसलो. पहिल्या भागात चित्रपटाचे नऊ तुकडे होते. आठांच्या पुढं लिहिणं सोपं गेलं. उदाहरणार्थ, चार सेकंदांचा एक शॉट. त्यात पाणी खिडकीतून आत येतं, पण भिंतीवर ओल आधी चढलेलीच नाही. मी चित्र थांबवून भिंतीकडं बाण दाखवला होता. पूर आलेल्या घरात ओल पाण्याच्या पुढं चालते, हे मला त्या भिंतीशिवाय सांगताच आलं नसतं.

नववा तुकडा एकवीस सेकंदांचा. नायिका छपरावर, पाऊस, मागं गाणं. दुसऱ्या रकान्यात काय लिहावं कळेना. मी तिथं गप्पच होतो.

“गप्प का आहेस?” दुसऱ्या दिवशी ताईनं विचारलं.

“वातावरण यावं म्हणून.”

“वातावरण त्यांनी पैसे घालून तयार केलंय. ते तू फुकट घेतलंस. बाकी आठ ठीक वाटतात मला.”

हाच फरक पुढं मला अमेरिकेतल्या एका निकालात सापडला. २०१७ मध्ये न्यूयॉर्कच्या संघीय न्यायालयात ईथन आणि हिला क्लाइन या यूट्यूबर जोडप्यावरचा दावा निकाली निघाला. मूळ व्हिडिओ ५ मिनिटं २४ सेकंदांचा, त्यातली ३ मिनिटं १५ सेकंदं त्यांनी वापरली होती. म्हणजे निम्म्याहून जास्त! तरी तो वापर योग्य ठरला, कारण ते थोडं दाखवून थांबत, बोलत, पुन्हा दाखवत. त्याच निकालात न्यायाधीशांनी हेही नोंदवलं की सगळे रिअॅक्शन व्हिडिओ असे नसतात, काही म्हणजे निव्वळ एकत्र बसून बघणं असतं. हा निकाल भारतातल्या न्यायालयाला बंधनकारक नाही, पण माझा नववा तुकडा म्हणजे एकत्र बसून बघणंच होतं हे कबूल करायला मला तेवढं पुरलं. यूट्यूब स्टुडिओच्या एडिटरमध्ये जाऊन ती एकवीस सेकंदं कापली. उरलं १ मिनिट ३१ सेकंद.

आता क्लेम म्हणजे नेमकं काय, हे सांगायला हवं, कारण क्लेम आणि स्ट्राइक यांत मीही गल्लत करत होतो. कंटेंट आयडी हे यंत्र आहे. हक्कदारानं आधी दिलेल्या नमुन्याशी तुमचं चित्र किंवा आवाज जुळला की आपोआप क्लेम लागतो. त्यातून हक्कदारानं ठरवलं असेल तसं होतं: व्हिडिओ अडतो, किंवा जाहिरातींचे पैसे त्यांच्याकडं जातात, किंवा ते नुसतं लक्ष ठेवतात. यानं चॅनेलला डाग लागत नाही. स्ट्राइक वेगळा. तिथं हक्कदारानं कायदेशीर स्वरूपाची ‘हे काढा’ अशी मागणी केलेली असते. नव्वद दिवसांत तीन झाले की चॅनेल बंद होऊ शकतं.

म्हणूनच ‘बाकीचे तर सर्रास वापरतात’ हा युक्तिवाद पोकळ आहे. बाकीच्यांनी परवानगी घेतली आहे, की त्यांचे पैसे हक्कदाराच्या खिशात जातायत, की अजून कुणाच्या नजरेस आलं नाही, हे बाहेरून दिसत नाही.

माझ्या पहिल्या भागावर दोन क्लेम होते. एक चित्राचा, एक गाण्याचा, दोन वेगवेगळ्या कंपन्यांचे. चित्रपट एकाचा आणि ध्वनिमुद्रण दुसऱ्याचं हे आपल्याकडं नेहमीचंच. गाण्यावर मी भाष्य केलेलंच नव्हतं. आणखी एका तुकड्यात माझ्या आवाजाखाली ते वाजत होतं इतकंच. त्याचा बचाव करायचा नाही असं ठरवलं आणि स्टुडिओतलं गाणं पुसायचं साधन वापरलं. तेरा-चौदा सेकंद माझा आवाज पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा झाला, पण तो क्लेम गेला.

चित्राच्या क्लेमला मात्र आव्हान दिलं. पाच दिवसांच्या आत दिलं तर पहिल्या दिवसापासूनचे जाहिरातीचे पैसे निकाल लागेपर्यंत बाजूला ठेवले जातात, म्हणून घाई केली. तिथं कारण निवडायचं असतं. मी फेअर यूज निवडलं, कारण यादीत तेच नाव आहे. खालच्या रकान्यात बहुतेक लोक ‘हे फेअर यूज आहे, कृपया क्लेम काढा’ एवढं लिहितात. ताईनं तसं लिहू दिलं नाही. आम्ही आठही तुकड्यांची वेळ लिहिली आणि प्रत्येकापुढं एक ओळ: या क्षणाला या शॉटमधल्या कोणत्या गोष्टीवर टीका आहे. नंतर एवढंच, की एकूण दीड मिनिट वापरलं आहे, सलग कुठंही नाही, मूळ संवाद बहुतेक ठिकाणी बंद आहेत, आणि हा व्हिडिओ बघून कुणाला चित्रपट बघितल्याचं समाधान मिळणार नाही. भारताचं कलम ५२ लिहिलं. ‘मी पैसे कमावत नाही’ हे मुद्दाम लिहिलं नाही, एक तर ते खोटं ठरलं असतं आणि दुसरं म्हणजे त्यानं काही ठरतही नाही. पैसे न घेता पूर्ण चित्रपट चढवणाराही उल्लंघनच करतो, आणि पैसे घेऊन वर्तमानपत्रात परीक्षण लिहिणारा करत नाही.

क्लेम करणाऱ्याला तीस दिवस असतात. तिसाव्या दिवसापर्यंत कुणीच काही बोललं नाही. मुदत संपली, क्लेम आपोआप सुटला, साठलेले पैसे जमा झाले. मी ताईला विजयी मेसेज टाकला. तिचं उत्तर आलं, “जिंकला नाहीस. ते खेळायला आले नाहीत.” खरं होतं. त्यांनी नाही म्हटलं असतं तर अपील, त्याला सात दिवस, आणि तिथंही नाही म्हटलं तर थेट काढण्याची मागणी, म्हणजे स्ट्राइक. प्रत्येक पायरीवर बाजी वाढत जाते, आणि या सगळ्यात न्यायाधीश कुठंही बसलेला नसतो. यूट्यूब निवाडा करत नाही, ते फक्त कागद इकडून तिकडं देतं.

आता ती अकरा सेकंदं.

दुसऱ्या भागाची सुरुवात मी एका हवाई शॉटनं केली होती. सगळीकडं मातकट पाणी, मधून डोकावणारी छपरं, कडेला बुडालेला रस्ता. तो एका वृत्तसंस्थेचा होता आणि मी तो एका वाहिनीच्या चॅनेलवरून उतरवला होता. कोपऱ्यात वाहिनीचं नाव ‘सौजन्य’ म्हणून लिहिलं होतं. म्हणजे ज्याचं नव्हतं त्याला श्रेय दिलं होतं! इथं यंत्र नव्हतं. संस्थेनं स्वतः मागणी करून व्हिडिओ काढायला लावला होता. व्हिडिओच्या जागी काळा चौकोन, चॅनेलवर स्ट्राइक.

मी चिडलो होतो. बातमी म्हणजे लोकांची, पूर आमचा, घरं आमची, आणि हे आम्हालाच काढायला सांगणार? ताईनं शांतपणे तोच कागद काढायला सांगितला. तिसऱ्या रकान्यातला प्रश्न वाच म्हणाली. मी वाचला. शॉट चालू असताना मी म्हणत होतो: “ऑगस्ट २०१९. कोल्हापूर आणि सांगली पाण्याखाली.” तो शॉट काढला असता तरी वाक्य तसंच उभं राहिलं असतं. दुसरा कुठलाही पुराचा शॉट चालला असता. नुसता फोटोही चालला असता.

“मग तू त्या शॉटवर बोलत नव्हतास, त्या शॉटनं बोलत होतास,” ती म्हणाली. “आणि त्या संस्थेचा धंदा काय? नेमका हाच. घटना घडली तिथं माणूस पाठवायचा, शॉट घ्यायचा, आणि ज्याला ‘ऑगस्ट २०१९’ म्हणताना चित्र हवंय त्याला तो विकायचा. तू त्यांचा गिऱ्हाईक आहेस. पैसे न देता माल उचललेला.”

घटनेवर कुणाची मालकी नसते, पूर सगळ्यांचा. पण तो टिपलेलं चित्र ज्यानं टिपलं त्याचं. आणि ‘चालू घडामोडींचं वृत्तांकन’ या खोलीतही मी शिरू शकत नव्हतो, कारण पाच वर्षांपूर्वीचा पूर चालू घडामोड कसा होणार? तरी मी एक वकिली फाटा फोडून बघितला. दिल्ली उच्च न्यायालयाच्या खंडपीठानं २०१२ साली इंडिया टीव्ही आणि यशराज फिल्म्सच्या खटल्यात म्हटलं होतं की फार क्षुल्लक वापराची कायदा दखल घेत नाही. अकरा सेकंद क्षुल्लक नाहीत का? ताई म्हणाली, तिथं एका मुलाखतीत गायिका स्वतःच्याच गाण्यांच्या ओळी गुणगुणत होती, वगैरे परिस्थिती होती. क्षुल्लक हे घड्याळावर ठरत नाही. वृत्तसंस्थेचा अख्खा शॉटच पंधरा-वीस सेकंदांचा असतो. त्यातले अकरा म्हणजे बहुतेक सगळाच.

गंमत अशी की त्याच व्हिडिओत एका वाहिनीचा बावीस सेकंदांचा तुकडा होता आणि त्याच्याबद्दल कुणी काही म्हटलं नव्हतं. २०१९ मधलं अर्ध्या तासाचं एक बातमीपत्र माझ्याकडं रेकॉर्ड केलेलं होतं. त्यात एकच शॉट नऊ वेळा फिरवला होता, खाली पट्टी मात्र ताज्या परिस्थितीची. मी ते नऊही प्रसंग दोन-अडीच सेकंदांचे काढून एकापुढं एक लावले आणि वर अंक दिले, एक ते नऊ. ताईच्या मते अख्ख्या मालिकेत सगळ्यात भक्कम जागा हीच होती. प्रक्षेपणाच्या हक्कांसाठी कलम ३९ आहे आणि तिथंही प्रामाणिक परीक्षणासाठी उतारे वापरायला मुभा आहे. नऊ वेळा दाखवलं हे नऊ वेळा न दाखवता कसं सांगणार?

स्ट्राइकवर तीन वाटा होत्या. काउंटर नोटीस द्यायची, संस्थेला मागणी मागं घ्यायला सांगायची, किंवा नव्वद दिवस थांबायचं. काउंटर नोटीसचा फॉर्म मी उघडला होता. यूट्यूबवर कितीतरी जण सांगतात, टाका बिनधास्त, समोरचे येतच नाहीत. तो फॉर्म एकदा नीट वाचावा. त्यात तुमचं खरं नाव, पत्ता, फोन द्यायचा असतो आणि तो जसाच्या तसा समोरच्याकडं जातो. चुकून व्हिडिओ काढला गेला असं तुम्ही खोट्या साक्षीच्या शिक्षेच्या अटीवर लिहून देता. आणि अमेरिकेबाहेर राहत असाल तर यूट्यूबचं कार्यालय आहे तिथल्या, म्हणजे कॅलिफोर्नियातल्या न्यायालयाचा अधिकार मान्य करता. त्यानंतर समोरच्याला दावा लावल्याचा पुरावा द्यायला कामाचे दहा दिवस असतात. न दिल्यास व्हिडिओ परत येतो. फॉर्म वाईट नाही. नऊ वेळांच्या तुकड्यासाठी स्ट्राइक आला असता तर मी तो भरला असता. पण या अकरा सेकंदांसाठी शपथेवर लिहून देण्यासारखं माझ्याकडं काहीही नव्हतं.

भारतात ही प्रक्रिया निराळी लिहिलेली आहे हेही तेव्हाच कळलं. २०१३ च्या कॉपीराइट नियमांप्रमाणे, म्हणजे नियम ७५ प्रमाणे, तक्रार आली की मध्यस्थानं छत्तीस तासांत मजकूर थांबवायचा, आणि तक्रारदारानं एकवीस दिवसांत न्यायालयाचा आदेश आणला नाही तर तो पुन्हा सुरू करता येतो. कागदावर हे आपल्यासारख्यांना बरं दिसतं. पण स्टुडिओच्या पडद्यावर जी बटणं आहेत ती अमेरिकी कायद्याच्या धाटणीची आहेत, आणि कोल्हापुरातला माणूस बटण दाबतो, नियम ७५ नाही.

संस्थेला मी मेल लिहिली. चूक मान्य केली, एका शॉटचे किती होतील विचारलं. उत्तर सभ्य होतं. सुटा शॉट देत नाहीत, वर्षाचं पॅकेज घ्यावं लागेल. रक्कम बघून मी लॅपटॉप मिटला. पुढच्याच वर्षी, २०२५ च्या मे महिन्यात, मोहक मंगल या यूट्यूबरनं एएनआय या वृत्तसंस्थेवर स्ट्राइकच्या बदल्यात मोठी रक्कम मागितल्याचा जाहीर आरोप केला, संस्थेनं त्याच्यावर दिल्ली उच्च न्यायालयात मानहानीचा दावा लावला, आणि फेअर यूज हा शब्द घरोघरी पोचला. ते प्रकरण वेगळं, माझं वेगळं. पण त्या दिवसांत मित्रमंडळींत पुन्हा तीच चर्चा ऐकली: नऊ सेकंद वापरले की दहा, त्यावर सगळे भांडत होते. किंमत अवाच्या सवा आहे का हा एक प्रश्न, आणि तुकडा वापरायचा हक्क होता का हा दुसरा. पहिल्याचं उत्तर ‘हो’ आलं म्हणून दुसऱ्याचं आपोआप ‘हो’ होत नाही.

मी थांबलो. व्हिडिओ डिलीट केला तर स्ट्राइक जातो असं एकानं सांगितलं होतं, तो जात नाही. यूट्यूबचं कॉपीराइट स्कूल पूर्ण केलं आणि नव्वद दिवस कॅलेंडरवर खुणा केल्या.

त्या काळात दुसरा भाग पुन्हा बांधला. हवाई शॉटच्या जागी काय टाकायचं? सरकारी चित्रीकरण फुकट असेल म्हणून शोधू लागलो, तर तीही अमेरिकेतून आलेली समजूत निघाली. तिकडं संघीय सरकारच्या कृतींवर कॉपीराइट नसतो. आपल्याकडं सरकारच्या कृतींवरही तो असतो, साठ वर्षं. मग व्हॉट्सअॅपच्या जुन्या ग्रुपमध्ये २०१९ चे ढीगभर व्हिडिओ सापडले. पण फॉरवर्ड होऊन आला म्हणजे तो बेवारस झाला असं नाही. त्याचा मालक म्हणजे फोन धरणारा माणूस, आणि दहा हातांतून आलेल्या व्हिडिओत तो माणूस कोण हेच कळत नाही.

एका व्हिडिओचा माणूस मात्र कळला. आमच्याच गल्लीतला, चार घरं सोडून. फोन उभा धरलेला, चित्र हलतंय, जिन्यावरून खाली टॉर्चचा झोत, आणि पाणी काळं. त्याच्याकडं गेलो. परवानगी लेखी हवी म्हटल्यावर तो हसला, मग वहीच्या पानावर लिहून दिलं: हा व्हिडिओ मी काढला, यूट्यूबवर वापरायला हरकत नाही, तारीख, सही. पैसे देऊ केले, घेतले नाहीत. एकच अट घातली. पाठीमागं त्याच्या आईचा आवाज आहे, तो बंद करायचा नाही. ती आता नाहीये.

नवा दुसरा भाग आता त्यानंच सुरू होतो. ड्रोन नाही, वरून काही नाही. टॉर्चचा झोत खाली जातो आणि म्हातारीचा आवाज येतो, “अजून चार पायऱ्या हायत बघ.”